स्वस्त पाण्याचं अनुदान कोणाच्या टाकीत जातं?

नगरपालिकेच्या सभेत पाणीपट्टी वाढवण्याचा विषय आला की वाद एकाच आकड्याभोवती फिरतो: दर किती? प्रशासन म्हणतं परवडत नाही, नगरसेवक म्हणतात गरिबावर बोजा नको, आणि विषय पुढच्या सभेवर जातो. पण नळाच्या बिलात दर हा शेवटी येणारा आकडा आहे. त्याआधी दोन-तीन निर्णय गुपचूप होऊन गेलेले असतात आणि गरिबाचं बिल प्रत्यक्षात तेच ठरवतात. ते निर्णय उघड दिसावेत म्हणून एक काल्पनिक नगरपालिका घेऊ आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत करू. आकडे मी मांडलेले आहेत, पण मध्यम आकाराच्या गावाला न शोभणारे नाहीत.

गावाची लोकसंख्या ६० हजारांच्या आसपास. घरगुती नळजोडण्या १०,०००, आणि हॉटेल, लॉज, दवाखाने, गाड्या धुण्याची सेंटरं अशा बिगरघरगुती जोडण्या ३५०. जलशुद्धीकरण केंद्रातून रोज ८० लाख लिटर पाणी सुटतं. हजार लिटर म्हणजे पाण्याचं एक युनिट. तेव्हा वर्षाला साधारण २९ लाख २० हजार युनिटं पाणी बाहेर पडतं.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा विजेचा. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला अगदी आदर्श पंपालाही विजेची ०.२७ युनिटं लागतात. नदीपासून डोंगरावरच्या टाकीपर्यंतची चढण, पाइपातलं घर्षण आणि जुन्या पंपाची कार्यक्षमता धरली तर आपल्या गावात ती अर्ध्या युनिटापर्यंत जातात. वर्षाचं वीजबिल १ कोटी २० लाख धरू. व्हॉल्व्हमन, फिटर, लॅबवाले, वसुली कर्मचारी यांचे पगार १ कोटी १० लाख. गळती काढणं आणि पंपदुरुस्ती ५० लाख. पाणी निवळायची तुरटी, पीएसी आणि जंतू मारायचा क्लोरीन ही रसायनं २० लाख. पाटबंधारे खात्याला द्यायची कच्च्या पाण्याची रक्कम आणि किरकोळ २० लाख. झाले ३ कोटी २० लाख. याशिवाय पंप आणि पाइपलाइन कधीतरी बदलावी लागणार, म्हणून दरवर्षी ६० लाख बाजूला टाकायला हवेत. हा शेवटचा आकडा बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच. मग वीस वर्षांनी लाइन फुटायला लागते आणि नव्या योजनेच्या अनुदानासाठी मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात. आपण तो धरू. एकूण ३ कोटी ८० लाख.

आता भागाकार. ३ कोटी ८० लाखांना २९.२ लाख युनिटांनी भागलं की १३ रुपये येतात. हजार लिटरला १३ रुपये खर्च, तर दरही १३ रुपये. सरळ वाटतं, पण केंद्रातून सुटलेलं सगळं पाणी बिलावर येत नाही. जमिनीखाली गळतं, चोरून जोडलेल्या नळांत जातं, तोटी नसलेल्या सार्वजनिक नळांतून वाहतं, बंद पडलेल्या मीटरमधून नोंद न होता निघून जातं. आपल्या गावात ३५ टक्के असं जातं असं धरलं तर बिलावर येणारं पाणी १९ लाख युनिटं. त्याच खर्चाला १९ लाखांनी भागा: २० रुपये. पुन्हा, बिल केलेला प्रत्येक रुपया वसूल होत नाही. वसुली ८० टक्के असेल तर खर्च भरून काढायला दर लावावा लागेल २५ रुपये.

पाणी तेच, पंप तोच, आणि दर १३ वरून २५ वर गेला. दरवाढीच्या सभेत खरं तर आधी हा भागाकार फळ्यावर लिहायला हवा. गळती ३५ वरून २५ टक्क्यांवर आणली तर २० रुपयांचा आकडा सव्वासतरावर येतो, कोणाच्याही दराला हात न लावता. अर्थात गळती फुकट कमी होत नाही. त्यासाठी टाकीच्या तोंडाशी आणि प्रत्येक झोनला मोठे मीटर लागतात, रात्री दोन-तीनला पाण्याचा प्रवाह मोजावा लागतो. पण दरवाढ मागणाऱ्याने आपला छेदातला आकडा सांगितलाच पाहिजे.

सध्या हे गाव काय घेतं? महाराष्ट्रातल्या पुष्कळ नगरपालिकांसारखीच ठोक पाणीपट्टी: अर्धा इंची घरगुती जोडणीला वर्षाला १,८०० रुपये, बिगरघरगुतीला ६,०००. मागणी होते सुमारे दोन कोटी, वसुली १ कोटी ६१ लाख. म्हणजे फक्त चालवण्याच्या खर्चाचाही निम्माच भाग. उरलेलं पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे रस्ते-गटारांच्या पैशातून जातं. त्या निधीत घरपट्टी भरणाऱ्या अशाही घरांचे पैसे आहेत ज्यांच्याकडे नळच नाही, जे टँकरचं किंवा शेजाऱ्याकडून हंड्यावर पाणी घेतात.

ठोक पट्टी गरिबाच्या बाजूची वाटते, कारण ती कमी असते. जरा वापर बघा. चार-पाच माणसांचं छोटं घर महिन्याला ८ युनिटं वापरतं, वर्षाला ९६. त्याला एक युनिट पडतं पावणेएकोणीस रुपयांना. बाग, दोन गाड्या आणि गच्चीवर मोठी टाकी असलेला बंगला महिन्याला २८ युनिटं घेतो, वर्षाला ३३६. त्याला तेच युनिट पडतं ५ रुपये ३६ पैशांना. खर्च २० रुपये धरला तर पालिका छोट्या घराला वर्षाला १२० रुपयांची मदत करते आणि बंगल्याला ४,९२० रुपयांची. घरपट्टीला जोडलेली पाणीपट्टी यापेक्षा थोडी बरी, निदान बंगल्याला जास्त आकार येतो. पण नळ किती वेळ चालू ठेवला याचा बिलाशी संबंध तिथेही नसतो.

म्हणून मीटर, आणि मीटरवर चढते टप्पे. या पद्धतीला आपल्याकडे टेलिस्कोपिक दर म्हणतात. कराडजवळच्या मलकापुरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने चोवीस तास पाणी दिलं तेव्हा मीटर आणि टेलिस्कोपिक दर ही जोडीच आणली होती. टप्पे म्हणजे पहिली काही युनिटं स्वस्त, त्यापुढची महाग, त्याहून पुढची आणखी महाग. महत्त्वाचं हे की टप्पा ओलांडला तरी आधीच्या युनिटांचा स्वस्त दर जात नाही. महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. दिल्लीत महिना २० युनिटांपर्यंत मोफत पाण्याची योजना वेगळी बांधलेली आहे. २० पर्यंत बिल शून्य, पण २१ झाली की सवलत जाते आणि सगळ्या पाण्याचं बिल येतं. एका युनिटासाठी एवढी मोठी उडी ठेवली की मीटर बिघडवण्याचा आणि रीडरला ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणण्याचा मोह व्यवस्थेतच शिरतो.

आपल्या गावातली घरं तीन गटांत वाटू. ४,००० घरं महिन्याला ८ युनिटं वापरतात, ४,५०० घरं १४, आणि १,५०० घरं २८. बिगरघरगुती ३५० जोडण्या सरासरी ६० युनिटं. आता दर मांडू. घरगुतीला महिना ५० रुपये स्थिर आकार, पहिली १० युनिटं १० रुपयांनी, १० ते २० मधली २० रुपयांनी, २० च्या वरची ३५ रुपयांनी. बिगरघरगुतीला ३०० रुपये स्थिर आकार आणि सरसकट ४० रुपये.

बिलं अशी येतात. छोटं घर महिना १३० रुपये, म्हणजे वर्षाला १,५६०. आधीच्या ठोक पट्टीपेक्षा २४० रुपयांनी कमी! मधलं घर महिना २३०, बंगला ६३०, हॉटेल २,७००. एकूण मागणी महिन्याला ३४ लाख ४५ हजार. वसुली ९२ टक्क्यांपर्यंत नेली तर हाती ३१ लाख ७० हजार येतात आणि वर्षाचे ३ कोटी ८० लाख भरून निघतात. बिल कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीन ते पाच टक्क्यांत राहावं, असा एक ढोबळ नियम जगभर वापरतात. महिना दहा हजार कमावणाऱ्या घराला १३० रुपये म्हणजे १.३ टक्का. बसतं.

इथे बहुतेक सल्लागारांचे अहवाल थांबतात. मला पुढचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो: कोण कोणाचा भार उचलतंय? यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. एकाने खर्चापेक्षा जास्त भरायचं, म्हणून दुसऱ्याला खर्चापेक्षा कमी भरता येतं.

खर्च युनिटाला २० रुपये. छोट्या घराच्या ८ युनिटांचा खर्च १६०, बिल १३०, मदत ३० रुपये. मधल्या घराच्या १४ युनिटांचा खर्च २८०, बिल २३०, मदत ५० रुपये. गरिबासाठी आखलेल्या दरात मधल्या घराला जास्त मदत मिळाली. कारण पहिला टप्पा रुंद आहे. घरगुती वापराच्या १ लाख ३७ हजार युनिटांपैकी ९२ हजार त्या पहिल्या टप्प्यातच बसतात. बंगल्यालाही पहिली १० युनिटं १० रुपयांनीच मिळतात. स्वस्त टप्पा जितका रुंद, तितकी सवलत सगळ्यांना आणि गरिबाच्या वाट्याला तिचा तितकाच लहान तुकडा.

वरून देणारे कोण? बंगला महिन्याला ७० रुपये जास्त भरतो, १,५०० बंगल्यांचे १ लाख ५ हजार. बिगरघरगुती ग्राहक प्रत्येकी १,५०० रुपये जास्त भरतो, ३५० जणांचे ५ लाख २५ हजार. मिळून ६ लाख ३० हजार. यातले छोट्या घरांना गेले १ लाख २० हजार, मधल्यांना २ लाख २५ हजार. मग उरलेले पावणेतीन लाखांच्या वर कुठे गेले? थकबाकीत. जे बिल भरत नाहीत त्यांच्या वाट्याला. हॉटेलवाल्याने जास्त मोजलेल्या पैशातला जवळजवळ निम्मा भाग गरिबाकडे न जाता बुडव्यांकडे जातो, तोही वसुली ९२ टक्के झाली तर. ८० टक्क्यांवर राहिली तर सगळा मेळच बिघडतो. आणि बहुतेक गावांत मोठ्या थकबाकीदारांच्या यादीत झोपडी कमी आणि सरकारी कार्यालयं, वसतिगृहं, बड्या मिळकती जास्त असतात, हे यादी एकदा फलकावर लावली की कळतं.

आता टप्प्याची रुंदी जरा हलवू. पहिला टप्पा १० ऐवजी ८ युनिटांचा आणि दर १० ऐवजी ९ रुपये. दुसरा टप्पा ८ ते २०, बाकी जसंच्या तसं. छोट्या घराचं बिल १३० वरून १२२ वर उतरतं, मधल्याचं २४२ होतं, बंगल्याचं ६४२. आणि पालिकेची मागणी कमी होण्याऐवजी महिन्याला ४० हजारांनी वाढते. सभेत दर कमी केल्याचं जाहीर करता येईल, ते खरंही असेल, आणि तिजोरीतही भर पडेल.

पण टप्पा अरुंद करताना एका घराला पायदळी तुडवण्याचा धोका असतो: ज्या घरात माणसं जास्त. टप्पा जोडणीला लागतो, माणसाला नाही. वाड्यात तीन बिऱ्हाडं एकाच नळावर असतील आणि प्रत्येकी ८ युनिटं वापरत असतील, तर मीटरवर २४ दिसतात. आपल्या पहिल्या दरपत्रकाने त्याचं बिल होतं ४९० रुपये, बिऱ्हाडामागे १६३. स्वतंत्र नळवाल्या शेजाऱ्याला १३०. म्हणजे नळ परवडत नाही म्हणून एकत्र राहिलेल्यांनाच महाग पाणी. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचं तर आणखी विचित्र होतं. तळाशी एकच मोठा मीटर, महिन्याला ५६० युनिटं, त्यातली ५४० युनिटं ३५ रुपयांच्या टप्प्यात. फ्लॅटमागे ४८१ रुपये, जिथे स्वतंत्र मीटरवर २३० आले असते. यावर उपाय साधा आहे. मीटरमागे किती बिऱ्हाडं आहेत ती संख्या बिलात घ्यायची आणि टप्पे तेवढ्याने गुणायचे, स्थिर आकारही तितक्या पटीने. वाड्याचं बिल मग ३९० होतं, बरोबर १३० प्रत्येकी. मुंबईत दर माणशी दररोज १५० लिटरपर्यंत मूळ दर आणि त्यापुढे दुप्पट-तिप्पट अशी रचना केली गेली, तिच्यामागे हेच गणित आहे. अडचण नोंद ताजी ठेवण्याची. मतदार यादी आणि शिधापत्रिका यांच्याशी ताळा घातला नाही तर कागदावर बिऱ्हाडं वाढत जातात.

दुसरा धोका वरच्या टोकाला. बिगरघरगुती दर चढवणं राजकीयदृष्ट्या सगळ्यात सोपं, म्हणून तो चढतच राहतो. पण हॉटेलवाल्याला पर्याय असतो. टँकरच्या भावाशी तुलना केली तर ४० रुपये युनिट स्वस्तच, पण बोअर लागली तर तिचं पाणी उपसायला विजेचे काही रुपयेच पडतात. दर ५० केला आणि ३५० पैकी १०० ग्राहकांनी बोअर मारून जोडणी नावापुरती ठेवली तर? आपल्या मूळ दरानेच ही शंभर बिलं महिन्याला २ लाख ७० हजारांची होती. पाणी कमी गेल्याने वीज आणि क्लोरीनचे जेमतेम तीस-चाळीस हजार वाचतील, कारण पगार, पाइप, टाकी तशीच राहते. उरलेल्या २५० ग्राहकांकडून वाढीव दराचे दीड लाख आले तरी तूट राहतेच, आणि ती छोट्या घरांवरच येणार. म्हणून बिगरघरगुती दर वाढवल्यानंतर मोठ्या शंभर ग्राहकांची यादी काढून दर तिमाहीला त्यांचा वापर बघायला हवा. दोन तिमाहींत वापर तीसेक टक्क्यांनी घसरला आणि हॉटेलात गर्दी मात्र तीच असेल, तर जमिनीत काहीतरी नवं खोदलं गेलंय.

मीटर लागल्यावर बंगल्यांचाही वापर उतरतो, उतरायलाच हवा. २८ वरून २२ युनिटांवर आला तर महिन्याला ३ लाख १५ हजारांची मागणी जाते, एकूण मागणीच्या नऊ टक्के. हे अंदाजपत्रकात आधीच धरलं नाही तर दुसऱ्या वर्षी ‘मीटरमुळे तोटा झाला’ अशी ओरड होते. वाचलेली महिना नऊ हजार युनिटं मात्र हातात असतात. छोट्या घरांच्या हिशेबाने त्यात अकराशेच्या वर नव्या जोडण्या बसतात.

आणि खरा गरीब बहुधा त्या नव्या जोडण्यांच्या रांगेतच असतो. त्याचा अडसर महिन्याच्या १३० रुपयांचा नाही. अनामत, रस्ता खोदाईची रक्कम, प्लंबर आणि मीटर असे काही हजार एकदम काढायचे असतात, शिवाय जागेचा कागद. दर कितीही स्वस्त ठेवला तरी ज्याच्याकडे नळ नाही त्याला त्याचा एक पैसा मिळत नाही. क्रॉस सबसिडीतले महिन्याला लाख रुपये जरी जोडणीच्या खर्चाकडे वळवले आणि उरलेली रक्कम बिलातून हप्त्यांनी घेतली, तर ती मदत योग्य दारात पोचण्याची शक्यता पाण्याच्या दरातल्या सवलतीपेक्षा खूप जास्त आहे. मी सभेत असतो तर पहिल्या टप्प्याचा दर दोन रुपयांनी उतरवण्यापेक्षा हेच मागितलं असतं.

दर एकदा नीट बसवला तरी तो गोठवून चालत नाही. खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांत १.८ पट होतो. मग दहा वर्षं काहीच न करता एकदम ८० टक्के वाढ मांडायची, मोर्चा येतो, वाढ मागे घेतली जाते. मुंबई महापालिकेने २०१२ मध्ये वर्षाला आठ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा ठरावानेच देऊन ठेवली, नागपुरात दरवर्षी पाच टक्के वाढीचा नियम आहे. अशी लहान वाढ वीजदर आणि महागाईला बांधलेली असावी, पण तिच्यासोबत गळती आणि वसुलीची अटही असावी. गळती ठरलेल्या आकड्यावर आली नाही तर त्या वर्षीची वाढ अर्धीच. नाहीतर प्रशासनाचा सगळा ढिसाळपणा आपोआप ग्राहकाच्या बिलात जमा होत राहतो.

नवे दर लागू झाल्यावर सहा महिन्यांनी बिलांची यादी मागवा आणि किती घरांचा वापर किती युनिटांचा, हे मांडून बघा. वापर नैसर्गिक असेल तर आकडे ५, ६, ७, ९, ११ असे पसरलेले दिसतात. बरोबर ८ वर किंवा २० वर शेकडो घरं अडकलेली दिसली तर रीडिंग मीटरसमोर उभं राहून घेतलेलं नाही. सलग तीन महिने तोच आकडा असेल तर मीटर बंद आहे आणि ‘सरासरी’ बिल चाललंय. आणि पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागातच वापर फुगलेला दिसला तर पाणी सुटताना पाइपातली हवा मीटर फिरवतेय का, हे तपासायला त्या गल्लीच्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह आहे की नाही, तिथून सुरुवात करावी.